हेडलाइट लेव्हलिंग आणि डिकीतले ओझे

डिकीत ओझे भरले की गाडी मागे बसते, नाक वर करते आणि डिपरचा प्रकाश रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांकडे चढतो. तो पुन्हा खाली आणण्याच्या सोयीला हेडलाइट लेव्हलिंग म्हणतात. बहुतेक गाड्यांत यासाठी डॅशबोर्डवर हाताने फिरवायची छोटी चाकी असते, काहींत हे काम आपोआप होते. गॅरेजमध्ये स्क्रूने ‘फोकस सेट’ करतात ते काम निराळे. स्क्रूने प्रकाशाची मूळ उंची ठरते, तर लेव्हलिंग त्या दिवशीच्या ओझ्यापुरते असते.

डिपरच्या प्रकाशाला वरच्या बाजूने स्पष्ट कड असते. डावीकडून वाहने चालवणाऱ्या देशांत ही कड उजवीकडे आडवी राहते आणि डावीकडे, रस्त्याच्या कडेच्या बाजूला, वर चढते. मोजमाप नेहमी आडव्या भागावर करतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीतील क्रमांक 48 च्या नियमानुसार, दिवा जमिनीपासून 80 सेंमीपेक्षा खाली असेल तर ही कड मुळात 1 ते 1.5 टक्के खाली झुकलेली असावी लागते. ओझे कसेही असले तरी उतार 0.5 ते 2.5 टक्क्यांच्या बाहेर जाता कामा नये. 1 टक्का म्हणजे 10 मीटरवर 10 सेंमी. दिव्यावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर हा मूळ आकडा छापलेला असतो.

ओझ्याचा परिणाम वजनाइतकाच जागेवर अवलंबून असतो. एक छोटी गाडी घेऊ: दोन आसांमधले अंतर 250 सेंमी, दिवा 65 सेंमी उंचीवर, मूळ उतार 1.2 टक्के. पुढे किंवा मागे, कोणत्याही आसावर 45 किलो वाढले की ती बाजू सुमारे 1 सेंमी दबते असे धरू. आता डिकीत तांदळाची 50 किलोची तीन पोती ठेवली. त्यांचा मध्य मागच्या आसाच्याही 50 सेंमी मागे येतो, त्यामुळे तरफेसारखे होते: मागच्या आसावर 150 नव्हे, 180 किलो वाढतात आणि पुढचा आस 30 किलोंनी हलका होतो. मागची बाजू 4 सेंमी बसते, पुढची जवळजवळ 0.7 सेंमी उचलली जाते. 250 सेंमीमध्ये 4.7 सेंमीचा फरक म्हणजे सुमारे 1.9 टक्के. 1.2 टक्के खाली असलेला प्रकाश आता 0.7 टक्के वर चालला आहे. 65 मीटरवर त्याची कड 110 सेंमीच्या आसपास पोचते, आणि साध्या मोटारीत बसलेल्या चालकाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात.

तेच 150 किलो मागच्या सीटवरच्या दोन माणसांचे असते तर? ती माणसे मागच्या आसाच्या सुमारे 40 सेंमी पुढे बसतात. त्यामुळे मागे 126 आणि पुढे 24 किलो वाटले जातात, दोन्ही बाजू दबतात आणि कल जेमतेम 0.9 टक्के येतो. वजन तेवढेच, परिणाम निम्मा.

चाकीवरचे आकडे न समजण्याचे कारण इथेच आहे. अनेक छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत 0 म्हणजे एकटा चालक, किंवा चालक आणि शेजारचा प्रवासी. 1 म्हणजे सगळ्या सीट भरलेल्या. 2 म्हणजे सगळ्या सीट आणि डिकीही भरलेली. आणि 3 म्हणजे एकटा चालक आणि भरलेली डिकी. एकूण वजन 2 वर जास्त असूनही सर्वांत खाली झुकवणारा आकडा 3 हाच, कारण दोन्हींत डिकी मागच्या आसाच्या मर्यादेपर्यंत भरलेली धरतात, पण एकट्या चालकाच्या गाडीत पुढचे टोक दाबून धरायला कोणी नसते. बाजारातून माल भरून एकटेच परतणारे बहुतेक चालक नेमके इथे चुकतात: गाडीत माणसे नाहीत म्हणून चाकी 0 वरच राहते. मॉडेलनुसार आकडे बदलतात, म्हणून आपल्या गाडीचा तक्ता पुस्तिकेत पाहावाच.

ओझे उतरवल्यावर चाकी 0 वर आणणेही तितकेच गरजेचे आहे. वरच्या उदाहरणातली गाडी रिकामी करून चाकी 3 वरच राहिली तर उतार सुमारे 3.1 टक्के होतो आणि प्रकाश 21 मीटरवर संपतो. ताशी 60 किलोमीटर वेगात नुसता ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एका सेकंदात जवळपास 17 मीटर सरतात.

खात्री करायची तर सपाट जमिनीवर, भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करावी. टायरमध्ये नेमकी हवा, चालकाच्या सीटवर सुमारे 75 किलोचा माणूस, डिकी रिकामी, चाकी 0 वर आणि डिपर चालू. वरच्या गाडीत कड दिव्याच्या मध्यापेक्षा 12 सेंमी खाली दिसली पाहिजे. तिथे खूण करून ओझे भरावे आणि कड पुन्हा त्या खुणेजवळ येईपर्यंत चाकी फिरवावी. गाडीला दोन-चार झोके देऊन सस्पेन्शन बसू द्यावे, नाहीतर माप चुकते.

चाकी फिरवताना दोन्ही दिव्यांच्या कडा सारख्या खाली यायला हव्यात. प्रत्येक दिव्यामागे छोटी मोटर असते आणि तिच्या दांड्याचे गोल टोक परावर्तकाच्या खोबणीत बसते. एकच बाजू हलत नसेल तर मोटर, तिची तार किंवा हे टोक पाहावे. दोन्ही हलत नसतील तर आधी फ्यूज आणि चाकी. दिव्याची जुळणी उघडल्यावर टोक खोबणीतून निसटण्याचा दोष नेहमीचा आहे. मोटरचा आवाज येतो पण प्रकाश हलत नाही, किंवा खड्ड्यात एकाच दिव्याची कड थरथरते, ही त्याची खूण. अशा वेळी स्क्रू फिरवून उपयोग नाही, टोक परत बसवावे लागते.

नंतर सीएनजी किट बसवलेल्या गाडीत पोलादी टाकीचे वजन डिकीत कायमचे राहते. तिथे चाकी कायम 1 वर ठेवू नये. टाकीसह मूळ उंची स्क्रूने नव्याने लावावी, म्हणजे सामानासाठी चाकीचा पूर्ण पल्ला शिल्लक राहतो. मात्र मागच्या स्प्रिंगच थकल्या असतील तर आधी त्या बदलाव्यात.

स्वयंचलित पद्धतीत मागच्या आसाजवळ, बऱ्याच गाड्यांत पुढेही, उंची मोजणारा सेन्सर असतो. एक बारीक कांडी त्याला सस्पेन्शनच्या आर्मशी जोडते. साधी प्रणाली गाडीचा सरासरी कल पाहून सावकाश फरक करते. गतिमान प्रणाली ब्रेक मारताना नाक दबले तरी लगेच प्रकाश सावरते. (स्विचवरचे ‘ऑटो’ मात्र बहुधा अंधार पडल्यावर दिवे लावण्यापुरते असते. त्याचा उंचीशी संबंध नाही.) सर्वांत आधी मोडते ती बाहेर उघडी असलेली कांडी, दगड लागून किंवा गंजून. मग इशारा-दिवा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत प्रकाश मुद्दाम खाली उतरवून ठेवला जातो. सेन्सर किंवा स्प्रिंग बदलल्यावर स्कॅनरने शून्यस्थिती नव्याने नोंदवावी लागते आणि त्या वेळी डिकी रिकामी हवी. भरलेल्या डिकीवर नोंद झाली तर प्रणाली तोच कल सरळ समजते, आणि ओझे उतरल्यावर दोन्ही कडा भिंतीवर खुणेच्या वर सारख्याच सरकलेल्या दिसतात, पण इशारा-दिवा लागत नाही.