दहाही रीडिंग सेम आली, मग अनसर्टन्टी शून्य का नाही?

डिजिटल थर्मामीटरचं कॅलिब्रेशन करताना दहा रीडिंग घेतली, दहाही 25.3. नवीन माणूस खूश होतो, अनसर्टन्टी बजेटमध्ये, म्हणजे मापनातल्या अनिश्चिततेच्या सगळ्या कारणांच्या हिशोबात, रिपीटेबिलिटी म्हणजे रीडिंगमधली आपसातली तफावत शून्य टाकतो आणि पुढे जातो. पण हा थर्मामीटर 0.1 अंशाच्या टप्प्याने दाखवतो, म्हणजे आत 25.26 मोजलं गेलं काय आणि 25.34 मोजलं गेलं काय, समोर 25.3च येणार, त्यामुळे आकडा हलला नाही म्हणजे तापमान हललं नाही असं नसतं, छोटी हालचाल राउंडिंगमध्ये गायब झाली एवढंच.

मग आतला आकडा नेमका कुठे होता? 25.25 ते 25.35 च्या मध्ये कुठेतरी, याहून जास्त डिस्प्ले काही सांगत नाही. मधोमध असण्याची शक्यता जास्त आणि कडेला कमी असं म्हणायला आपल्याकडे काही कारण नाही, सगळीकडे सारखीच शक्यता, ग्राफ काढला तर सपाट डोक्याचा आयत, म्हणूनच रेक्टँग्युलर डिस्ट्रिब्यूशन.

आता √3 कुठून येतो ते बघा, बरेच जण नुसतं पाठ करतात. मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर a धरा, इथे 0.05. मध्यापासूनच्या सगळ्या अंतरांचे वर्ग करून सरासरी काढली की a²/3 येते, त्याचं वर्गमूळ a/√3, झाली स्टँडर्ड अनसर्टन्टी. म्हणजे 0.05/√3 = 0.029 अंश.

सगळ्यात जास्त गोची होते ती इथेच. लोक पूर्ण 0.1 ला √3 ने भागतात आणि 0.058 लिहितात, बरोब्बर दुप्पट! थेट रिझोल्यूशनलाच, म्हणजे डिस्प्लेच्या पूर्ण 0.1 च्या टप्प्यालाच, भागायचं असेल तर √12 ने भागा, उत्तर तेच 0.029. समजा ज्या रेफरन्स थर्मामीटरशी तुलना करतोय त्याची स्टँडर्ड अनसर्टन्टी 0.03 आहे, आणि सोपं जावं म्हणून बाकी काही धरलं नाही, तर दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की 0.042, कव्हरेज फॅक्टर k = 2 ने गुणून 0.083. चुकीच्या आकड्याने हेच 0.13 होतं.

अजून एक, दहा रीडिंग घेतली म्हणून या 0.029 ला √10 ने भागायचं नाही, कारण राउंडिंगची चूक दहाही वेळा तीच आहे आणि सरासरीने ती कमी होत नाही. शेवटचा आकडा 2, 3, 4 असा नाचत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा राउंडिंगचा परिणाम त्या नाचण्यात बराचसा आलेलाच असतो, म्हणून बऱ्याच लॅबमध्ये रिपीटेबिलिटी आणि रिझोल्यूशन यातलं जे मोठं तेच घेतात. मला हे पटतं.

आणि बजेटमध्ये रिझोल्यूशन टाकण्याआधी डिस्प्ले जरा वेळ बघत बसा. काही मीटरचा शेवटचा आकडा फक्त 0 किंवा 5 असतो, तिथे दशांशाची घरं मोजून 0.1 लिहिलं तर चुकलं, रिझोल्यूशन 0.5 आहे आणि a 0.25.