पायरीतला आकडा कुठे गेला? नाशिकच्या मशीन शॉपमधल्या एसओपीची पार्श्वभूमी

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये सीएनसी लेथशेजारी प्लास्टिकच्या पाकिटात एसओपी, म्हणजे काम पायरीपायरीने कसे करायचे ते सांगणारा कागद, लटकलेला असतो. त्यात बहुधा असे एक वाक्य सापडते: ‘कूलंटची तीव्रता कंट्रोल प्लॅननुसार असल्याची खात्री करावी.’ दिंडोरी किंवा पेठहून आलेला, कालच कामावर रुजू झालेला मुलगा हे वाक्य सहज वाचू शकतो. करायचे काय, हे मात्र त्यातून त्याला कळत नाही. कंट्रोल प्लॅन, म्हणजे कोणती गोष्ट किती हवी आणि ती कशी तपासायची याचा तक्ता, क्वालिटीच्या कपाटात असतो आणि रात्रपाळीला त्या कपाटाला कुलूप असते.

असे वाक्य लिहिणाऱ्याचे मराठी कच्चे असते म्हणून ते तयार होत नाही. पायरीतला आकडा कुणीतरी मुद्दाम काढलेला असतो, आणि त्याचे कारण गेल्या तीस वर्षांच्या ऑडिटच्या इतिहासात आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्यांना झटपट शिकवण्यासाठी कामाची फोड करून लिहिण्याची पद्धत आली. कागदावर दोन रकाने असत. डाव्या रकान्यात महत्त्वाची पायरी आणि उजव्या रकान्यात ती करताना सांभाळायची खुबी. खुबी कशाला म्हणायचे, तर जिच्यावाचून काम बिघडते, माणसाला इजा होते किंवा जी जमली की काम सोपे जाते. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये रुजली, आणि पुढे त्यात ‘असे का’ हा तिसरा रकाना आला. हा कागद मुळात शिकवणाऱ्यासाठी होता. शिकवणारा शेजारी उभा असे, म्हणून कागदावर थोडेच लिहिले तरी चालत असे. आपल्याकडे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानंतर मोठ्या कारखान्यांतही साधारण हेच होते: उस्तादाचा हात आणि शिकाऊ मुलाची वही.

खरा बदल आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थेच्या प्रमाणकाच्या १९९४ च्या आवृत्तीच्या काळात झाला. मोठ्या वाहन कंपन्यांनी प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली आणि दहा-बारा मशीनच्या शॉपलाही फाइली तयार कराव्या लागल्या. त्या आवृत्तीत वीस कलमे होती आणि जागोजागी ‘लिखित कार्यपद्धती’ हवी होती. तिच्यातच एक शहाणी सूटही होती: कार्यपद्धती किती तपशिलात लिहायची, हे काम किती गुंतागुंतीचे आहे आणि ते करणाऱ्याचे कौशल्य व प्रशिक्षण किती आहे यावर ठरवावे. ही ओळ फारशी कुणी वाचली नाही. सल्लागारांनी आणलेले इंग्रजी नमुने कंपनीचे नाव बदलून वापरले गेले. त्यांचा मराठी तर्जुमा झाला तो सरकारी परिपत्रकाच्या भाषेत. ‘सदर’, ‘विहित’, ‘संबंधितांनी’ हे शब्द शॉप फ्लोअरवर आले ते तेव्हाच.

आकडा गेला तोही याच काळात. कूलंटची तीव्रता किती हवी, हे एकाच वेळी कंट्रोल प्लॅनमध्ये, एसओपीत, मशीनच्या चेकशीटवर आणि प्रशिक्षणाच्या कागदावर लिहिलेले असे. तेलाचा ब्रँड बदलला की चारही ठिकाणी आकडा बदलायचा. तीन ठिकाणी बदलला आणि एका ठिकाणी राहिला, तर ऑडिटर दोन कागद शेजारी ठेवून नॉन-कन्फर्मिटी लिहिणार. यावर तोडगा निघाला तो कागद सांभाळणाऱ्याच्या सोयीचा: आकडा एकाच ठिकाणी ठेवायचा आणि बाकी सगळीकडे ‘कंट्रोल प्लॅननुसार’ लिहायचे. कागदाच्या शिस्तीच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. लिहिणाऱ्याचे एक काम वाचले, पण त्याबदली प्रत्येक पाळीतल्या प्रत्येक नव्या माणसाच्या वाट्याला एक शोधाशोध आली.

आकडा पायरीत हवा की नको, हा वाद अजून मिटलेला नाही. ‘आकडा पायरीत नको’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. जॉबगणिक बदलणारी मापे, म्हणजे व्यास, टॉलरन्स आणि फीड, एसओपीत घातली तर तो कागद दर आठवड्याला शिळा होईल. अशी मापे सेटअप शीटवरच हवीत. पण कूलंटची तीव्रता जॉबगणिक बदलत नाही. हवेचा दाब, ग्रीसचे प्रमाण हेही सहसा रोज बदलत नाही. सरसकट सगळे आकडे काढणे हा आळस होता आणि त्याला डॉक्युमेंट कंट्रोल असे भारदस्त नाव मिळाले.

पायरी आकड्याविना चालत नाही, हे कूलंटच्याच उदाहरणात नीट दिसते. पाण्यात मिसळायच्या तेलाची तीव्रता रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात. काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरले की निळ्या-पांढऱ्या भागांमधली रेषा एका आकड्यावर दिसते. हा आकडा म्हणजे तीव्रता नव्हे. तेलाच्या माहितीपत्रकात दिलेल्या गुणकाने त्याला गुणावे लागते. समजा गुणक १.५ आहे आणि तीव्रता ६ ते ७.५ टक्के हवी आहे. मग काचेत रेषा ४ ते ५ च्या मध्ये दिसली पाहिजे. कंट्रोल प्लॅनमध्ये ‘६ ते ७.५ टक्के’ लिहिलेले असते आणि नव्या मुलाला काचेत ४.५ दिसतो. त्याने कपाट उघडून कंट्रोल प्लॅन पाहिला तरी तो म्हणणार, तीव्रता कमी आहे, आणि आणखी तेल ओतणार. थोडक्यात, संदर्भ देऊनही पायरी चुकीचीच होते. काचेत जो आकडा दिसतो तोच पायरीत हवा; गुणाकार लिहिणाऱ्याने एकदाच करून ठेवायचा.

नवख्याला एकट्याने करता येईल असा कागद साधारण असा होतो:

१. कूलंट पंप ५ मिनिटे चालवा. स्पिंडल बंदच ठेवा.
२. कूलंट गनने स्वच्छ कपात नमुना घ्या. टाकीतून घेऊ नका. तिथे वर तेल तरंगते.
३. नमुना हाताला गरम लागत असेल तर थंड होऊ द्या.
४. रिफ्रॅक्टोमीटरची काच पुसा. साध्या पाण्याचे दोन थेंब टाका. रेषा शून्यावर नसेल तर स्क्रू फिरवून शून्यावर आणा.
५. काच पुसून कपातला थेंब टाका आणि आकडा चेकशीटवर लिहा.
६. रेषा ४ ते ५ मध्ये असेल तर काम संपले.
७. रेषा ४ च्या खाली असेल तर तक्ता ‘अ’ पाहा. ५ च्या वर असेल तर तक्ता ‘ब’ पाहा.
८. रेषा धूसर दिसली तर आकडा लिहू नका. सुपरवायझरला सांगा.

आठवी पायरी बहुतेक कागदांवर नसते, आणि नवखा अडतो तो नेमका तिथेच. स्लाइडवेचे तेल कूलंटमध्ये मिसळले की रेषा पसरट होते. मग तो अंदाजाने मधला आकडा लिहून मोकळा होतो. महिनाभर चेकशीटवर ४.५ हाच आकडा ओळीने दिसला, तर तिथे मोजमाप होत नाही असे समजावे.

तक्त्यांमागचे गणितही लिहिणाऱ्यानेच करायचे. टाकी १५० लिटरची आहे, पातळी १२० वर आहे आणि रेषा ३ वर दिसते, असे धरू. म्हणजे तीव्रता ४.५ टक्के आणि टाकीत तेल ५.४ लिटर. यात २५ लिटर पाणी आणि ५ लिटर तेल यांचे मिश्रण घातले की एकूण १५० लिटरमध्ये १०.४ लिटर तेल होते. तीव्रता ६.९ टक्क्यांवर येते आणि रेषा ४.६ च्या आसपास दिसते. तक्ता ‘अ’च्या त्या ओळीत फक्त इतकेच लिहायचे: ‘पातळी १२०, रेषा ३: ड्रममध्ये आधी २५ लिटर पाणी घ्या, मग ढवळत ढवळत ५ लिटर तेल ओता.’ ‘आधी’ आणि ‘मग’ हे दोन शब्द गाळायचे नाहीत. तेलात पाणी ओतले तर मिश्रण उलटे बसते, दह्यासारख्या गुठळ्या होतात आणि ते सगळे फेकावे लागते.

उलट, उन्हाळ्यात पाणी उडून रेषा ६ वर गेली, म्हणजे तीव्रता ९ टक्के झाली, तर त्याच १२० लिटरमध्ये ३० लिटर पाणी घातल्यावर ती ७.२ वर येते. हे पाणी शक्यतो बोअरचे नको. जड पाण्यातले क्षार उडत नाहीत; ते साठत जातात आणि वर साय धरते. तीव्रता कमी राहिली तर पावसाळ्यात जॉब रात्रभरात गंजतो. जास्त राहिली तर फेस येतो आणि ऑपरेटरच्या मनगटांना खाज सुटते. तिसऱ्या रकान्यातले ‘का’ एवढ्या दोन ओळींत मावते.

दरम्यान प्रमाणकेही बदलली. आयएसओ ९००१ च्या २००० च्या आवृत्तीने सक्तीच्या लिखित कार्यपद्धती सहावर आणल्या, आणि २०१५ च्या आवृत्तीत ती सक्तीच गेली. २०१६ मध्ये वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ ने कामाच्या सूचना काम करणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत आणि कामाच्या जागी उपलब्ध असाव्यात असे कलम घातले. आता ऑडिटर कागद न पाहता ऑपरेटरला विचारतो, ‘हे कसं करता, दाखवा.’ शिवाय शिकाऊ उमेदवार कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने शिकाऊ उमेदवारीचे दार आणखी रुंद केले. सहा महिने किंवा वर्षभर टिकणारी मुले आली आणि उस्तादाला शिकवायला वेळ उरला नाही. एकट्याने वाचून करता येईल अशा कागदाची गरज खऱ्या अर्थाने तेव्हा भासली.

आकडा दोन ठिकाणी लिहिण्याची जुनी भीती मात्र खोटी नव्हती. तिच्यावर साधा उपाय आहे: कंट्रोल प्लॅनमधल्या प्रत्येक आकड्यासमोर तो आणखी कोणत्या कागदांवर आहे त्यांचे क्रमांक लिहायचे आणि आकडा बदलणाऱ्याने ते सगळे कागद त्याच दिवशी बदलायचे. आकडे दहा-पंधरा असतात, शंभर नव्हे.

सध्या ओढाताण आहे ती भाषेची. अंबडमध्ये एकाच पाळीत सुरगाण्याचा, धुळ्याचा आणि बिहारचा मुलगा असतो. मराठी आणि हिंदी असे दोन कागद लटकवले की आवृत्त्या पुन्हा वेगळ्या होतात. एकाच कागदावर दोन्ही भाषा घेतल्या तर अक्षर बारीक होते आणि वाचले जात नाही. काही शॉपनी पायरीतले आकडे आणि बटणांची नावे मधल्या एका रकान्यात ठेवून डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी अशी मांडणी केली आहे. बटणाचे नाव पॅनेलवर आहे तसेच, `CYCLE START`, त्याचे भाषांतर न करता. आकडा एकदाच लिहिला जातो, त्यामुळे दोन भाषांत दोन आकडे होत नाहीत. यासाठी कागद ए-थ्री आकाराचा लागतो आणि पायऱ्या आठ-नऊच्या वर गेल्या की तोही पुरत नाही. तेव्हा पायऱ्या कमी करायच्या की कागद वाढवायचे, यावर प्रॉडक्शन आणि क्वालिटी यांची अजून जुंपलेली आहे.