वार्धक्यातील कलप

वृद्ध व्यक्तीच्या विरळ, कोरड्या व ठिसूळ पांढऱ्या केसांना कमी तीव्रतेच्या कलपाने रंग देण्याची पद्धत. पांढरा केस मुळातच राठ असतो, असे काही अभ्यासक मानतात. उतारवयात केसाचा व्यास घटतो आणि टाळूचा तेलकटपणा कमी होतो, हे निरीक्षण मात्र घरगुती कलपाच्या दृष्टीने अधिक उपयोगी ठरते.

आधुनिक कलपाचे श्रेय बहुधा फ्रेंच रसायनज्ञ यूजीन श्युलेर याला (सुमारे १९०७) दिले जाते. या कलपाच्या केंद्रस्थानी असलेल्या पॅरा-फेनिलीनडायअमीन (पीपीडी) या रसायनाचा केस रंगवण्यासाठी वापर त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला होता. त्यामुळे श्युलेरला जनक म्हणण्यापेक्षा व्यापारी प्रसारक म्हणणे अधिक योग्य वाटते.

अशा कलपात अमोनिया केसाचे बाह्य आवरण फुगवतो. पीपीडी आत शिरते व हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे तिथेच मोठे रंगीत रेणू तयार होतात. ही क्रिया अर्ध्यावर तोडून केस लवकर धुतले तर रंग फिका बसतो व लवकर उतरतो. म्हणून अर्ध्या तासाचा कलप दहा मिनिटांत धुण्यापेक्षा मुळातच कमी वेळेसाठी बनवलेला, कमी पेरॉक्साइडचा (सुमारे ३ टक्के किंवा त्याहून कमी) कलप निवडणे इष्ट. पेरॉक्साइड नसलेला तात्पुरता रंग सर्वांत सौम्य. तो पांढरेपणा पूर्ण झाकत नाही, नुसता मंदावतो, आणि काही धुण्यांत जातो. अमोनियाऐवजी वापरले जाणारे मोनोइथेनॉलअमीन उग्र वासाचे नसते, पण त्याचे प्रमाण जास्त असल्यास तेही केसाला इजा करते.

सत्तरीतील आईचे खांद्यापर्यंतचे केस रंगवायचे असल्यास ॲलर्जी तपासण्यासाठी ४८ तास आधी थोडा कलप कानामागे लावून पाहावा. त्याच वेळी मानेजवळची एक बारीक बट रंगवून वेळ ठरवावी. ओली बट हलकेच ताणल्यावर रबरासारखी लांबून परत आखडली नाही, तर पेरॉक्साइडचा कलप टाळावा. रंगवण्याच्या दिवशी शाम्पू करू नये. कपाळाच्या कडेला व्हॅसलीन लावावे. कलप आधी भांगाशी व कानशिलावर, म्हणजे मुळांना लावावा. आधी रंगवलेल्या टोकांना शेवटची चार-पाच मिनिटे पुरतात. काळ्याऐवजी तपकिरी छटा बरी: काळ्या रंगात टाळूचा विरळपणा व महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढणारी पांढरी मुळे ठळक दिसतात.

‘अमोनियामुक्त’ म्हणजे पीपीडीमुक्त नव्हे. बाजारातील ‘काळी मेंदी’ही त्यास अपवाद नाही, शुद्ध मेंदी केसांना तांबूस छटाच देते. खाज सुटली किंवा पापण्या सुजल्या तर कलप तत्काळ धुऊन डॉक्टरांना दाखवावे. पीपीडीची ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि वर्षानुवर्षे विनातक्रार कलप लावणाऱ्यांतही ती उद्भवू शकते.