बँक अकाउंट बदललं? क्लायंटला पाठवलेलं लेटर नेमकं कुठे अडकतं

मी अंधेरीला एका कंपनीत वेंडर पेमेंट बघते. बँक बदलल्याची लेटरं सारखी येत असतात आणि त्यातली कितीतरी परत पाठवावी लागतात, तेही एकाच कारणासाठी.

लेटर सोपं असतं. लेटरहेडवर जुना नंबर, नवा नंबर, आयएफएससी, कुठल्या तारखेपासून ते, सही-शिक्का, सोबत पॅन आणि जीएसटी सर्टिफिकेट. घोडं अडतं कॅन्सल्ड चेकवर. नवीन करंट अकाउंटच्या किटमधल्या चेकवर बऱ्याचदा कंपनीचं नाव छापलेलंच नसतं, आणि नाव नसलेला चेक कुठलाही क्लायंट घेत नाही. नाव छापलेलं चेकबुक येईपर्यंत थांबू नका, ब्रांचमधून बँकेच्या लेटरहेडवर खातेदाराचं नाव, नंबर, आयएफएससी लिहून शिक्का-सहीचं पत्र घ्या. ब्रांचवाले उद्या या, परवा या करतात, खरंच वैताग येतो, पण तरी घेऊनच निघा. आणि जुनं अकाउंट लगेच बंद करू नका हो, आधी निघालेली पेमेंटं परत जातात आणि मग महिनाभर फोनाफोनी.

आता क्लायंटच्या बाजूने. भिवंडीच्या एका पॅकेजिंगवाल्याचं खरं लेटर आमच्याकडे सोमवारी आलं. बुधवारी त्याच मेलवर रिप्लाय आला की ते अकाउंट ऑडिटमुळे होल्डवर आहे, 3,84,000 चं बिल या दुसऱ्या अकाउंटला टाका. आमच्या ऑफिसमधल्या मुलीने मेलखालच्या नंबरवर फोन केला, समोरचा म्हणाला, "हो मॅडम, बरोबर आहे." मला ते होल्डचं काही पटेना म्हणून मी जुन्या बिलावरचा नंबर लावला, तर शेठ म्हणाले, "सोमवारनंतर आम्ही काहीच पाठवलेलं नाही." नीट बघितलं तर मेल आयडीत m च्या जागी rn होतं आणि खालचा फोन नंबरही बदललेला. त्यांच्या मेलबॉक्समध्ये ऑटो फॉरवर्ड लावलेलं सापडलं, म्हणजे चोर आमचे सगळे मेल वाचत होता.

म्हणून फोन करायचा तो आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवरच, मेलमधल्या नंबरवर कधीच नाही. मग एक रुपया पाठवून नाव बघा, कारण एनईएफटीचे पैसे फक्त अकाउंट नंबरवर जमा होतात, तुम्ही टाईप केलेलं नाव जुळवलं जात नाही. एप्रिल 2025 पासून एनईएफटी-आरटीजीएसला पैसे पाठवायच्या आधी बँकेतलं नाव दाखवायची सोय रिझर्व्ह बँकेने बँकांना करायला लावली आहे, तीही वापरा. पण मिळतंजुळतं नाव घेऊन कोणीही खातं उघडू शकतो, म्हणून नाव जुळलं तरी फोन टाळायचा नाही.

लेटर पाठवणाऱ्यांनी त्यातच एक ओळ टाका: "यानंतर अकाउंट बदलल्याचा कुठलाही मेल आला तर जुन्या नंबरवर आमच्याशी बोलल्याशिवाय पेमेंट करू नये."

आणि पैसे गेलेच तर साहेबांच्या मीटिंगची वाट न बघता त्याच मिनिटाला 1930 ला फोन लावा, आपल्या बँकेला कळवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका. यूटीआर नंबर हाताशी ठेवा, तोच पहिला विचारतात. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत फोन लागला तर ते अडवता येतात.