पंचवीस लाख पावलांचा हिशेब: मोजलेल्या पावलांनी अंतर काढण्याची पार्श्वभूमी

माळेत मणी असतात एकशे आठ. सर्वेक्षक नैनसिंह रावत 1865 साली यात्रेकरूच्या वेशात, पावलं मोजत तिबेटकडे निघाले तेव्हा त्यांच्या हातातल्या माळेत मात्र शंभरच होते. दर शंभर पावलांमागे एक मणी सरकवायचा. माळेचा एक फेरा झाला की दहा हजार पावलं. आठ मणी कमी आहेत हे कुणी मोजून पाहील असं कुणाला वाटलं नसावं, आणि यात्रेकरूच्या हातात माळ असणं तर अगदी साहजिक.

युक्ती जुनीच. अलेक्झांडरच्या सैन्यात पावलं मोजून अंतर नोंदवणारी खास माणसं होती. रोमन लोक डावा-उजवा मिळून एक पाऊल धरत, अशी हजार पावलं म्हणजे त्यांचा मैल. आजचा ‘मैल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘हजार’वरूनच आला. पण या सगळ्यात सर्वांत कसोटीचा प्रयोग हिमालयापलीकडे झाला.

तिबेटमध्ये युरोपियनांना प्रवेश नव्हता. साखळी टाकून जमीन मोजणं तर अशक्यच. म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन माँटगोमेरीने स्थानिक माणसांना शिकवून पाठवायचं ठरवलं. कुमाऊंतल्या मिलम गावचे नैनसिंह शाळामास्तर होते, म्हणून त्यांना ‘पंडित’ म्हणत. पुढे अशा सगळ्याच सर्वेक्षकांना ते नाव चिकटलं. डेहराडूनला त्यांच्याकडून चढ असो, उतार असो की सपाटी, पाऊल सारखंच पडावं याची तालीम करून घेतली गेली. मैलाला साधारण दोन हजार पावलं, असा हिशेब सांगितला जातो. म्हणजे एक पाऊल सुमारे 31.7 इंचांचं, आणि माळेचा एक फेरा म्हणजे पाच मैल.

अंतर ‘इतके दिवस चाललो’ असं सांगितलं तर उपयोग नव्हता. घाटात एखाद्या दिवशी सहा मैल होतात, पठारावर पंधरा. घड्याळाने फक्त वेळ कळते, वेग कळत नाही. पाऊल मात्र थांबलं की मोजणीही थांबते, त्यामुळे विश्रांती आपोआप वगळली जाते. वळणांसाठी प्रार्थनाचक्रात दडवलेलं होकायंत्र होतं: दिशा बदलली की नवी नोंद, पुढच्या तुकड्याची मोजणी वेगळी.

आता यातली खरी मेख. मोजताना चुकून एक मणी सरकवायचा राहिला तर नुकसान शंभर पावलांचं, म्हणजे मैलाचा विसावा भाग. पण पाऊल धरलं होतं त्यापेक्षा एका इंचाने लहान पडत असेल, तर प्रत्येक पावलात तीन टक्के चूक होते आणि ती कधीच भरून निघत नाही. नैनसिंहांच्या बाराशे मैलांवर ती अडतीस मैलांच्या आसपास जाते. म्हणून सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणाऱ्या सेक्स्टंट या उपकरणाने ठिकठिकाणी अक्षांश घेतले गेले. दक्षिणोत्तर अंतर पावलांवरून एक येतं आणि अक्षांशांच्या फरकावरून दुसरं. दोन्ही जुळले नाहीत तर पावलाची लांबी चुकली, हे तिथेच उघडं पडतं. पूर्व-पश्चिम अंतराला असा सोपा पडताळा नसल्याने तिथे भिस्त पावलांवरच होती. 1866 मध्ये परतले तेव्हा त्यांची पंचवीस लाखांच्या घरात पावलं मोजून झाली होती.

हेच गणित छोट्या मापावर करून पाहा. समजा, टेपने मोजलेल्या 200 मीटरच्या सपाट पट्ट्यावर तुम्ही तीनदा चाललात: 262, 258 आणि 263 पावलं. सरासरी 261, म्हणजे एक पाऊल 76.6 सेंटिमीटर. पुढे पायवाटेवर 4,820 पावलं मोजलीत तर अंतर सुमारे 3.7 किलोमीटर. पण ती वाट चढणीची असेल आणि चढावर 100 मीटरला तुमची 148 पावलं लागत असतील, तर तेच आकडे 3.26 किलोमीटर सांगतात. जवळजवळ साडेचारशे मीटरचा फरक! आणि मोजणीत चूक एकही नाही. म्हणून टेपने मोजायचा पट्टा ज्या जमिनीवर पुढे चालायचं तिच्यासारखाच निवडावा, आणि पाठीवर तेच ओझं घेऊन मोजावा. तोलूनमापून, मुद्दाम लांब पावलं टाकत मोजणं हा तर हमखास होणारा घोटाळा. ती चाल तासाभराने टिकत नाही. (मी स्वतः फक्त उजवं पाऊल मोजतो. निम्मे आकडे, निम्मी गफलत.)

नैनसिंहांचे चुलतभाऊ किशनसिंह यांच्या 1878 ते 1882 च्या प्रवासात एक वेगळीच अडचण आली. सोबतच्या लोकांनी दरोडेखोरांच्या भीतीने त्यांना घोड्यावर बसायला लावलं. मग त्यांनी घोड्याचा उजवा पुढचा पाय किती वेळा जमिनीला टेकतो ते मोजलं.