ऑफिसचा सूट आणि लेग वॉर्मर

“ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या बायका पॅडचे खांदे, निऑन रंग आणि लेग वॉर्मर अशा थाटात ऑफिसला जायच्या.”

या समजुतीतलं दशक बरोबर आहे, पण हे कपडे एकत्र घातले जात नसत. लेग वॉर्मर मुळात नर्तकांचे. सरावात पोटऱ्या उबदार राहाव्यात म्हणून. एरोबिक्सच्या लाटेत ते आणि निऑन रंग व्यायामशाळेतून रस्त्यावर आले. ऑफिसचा सूट बहुधा गडद निळा किंवा करडा असे. त्याचा खरा रुबाब शिवणीत होता: खांदा रुंद, म्हणून कंबर बारीक भासे. पॅडही नवे नव्हते. १९४० च्या दशकातल्या जॅकेटांतही ते होते.

पडताळायचं तर त्या काळच्या शिवणाच्या पॅटर्नची, म्हणजे कपडा बेतायच्या कागदी नमुन्यांची, चित्रं असलेली पाकिटं बघा, सूट आणि व्यायामाचे कपडे वेगवेगळे दिसतील. जुनं जॅकेट हाती आलं, तर बाहीची शिवण खांद्याच्या हाडापलीकडे जाते का, ते चाचपा.