सरसकट वॉरंट

कोणाला पकडायचे, कोणत्या घराची झडती घ्यायची किंवा नेमके काय जप्त करायचे, यांपैकी एखादी महत्त्वाची गोष्ट कोरी सोडून काढलेला अटकेचा किंवा झडतीचा हुकूम म्हणजे सरसकट वॉरंट. वॉरंट मोघम असेल तर निवड करण्याचा अधिकार सही करणाऱ्याच्या हातून निसटतो आणि दारात उभ्या असलेल्या शिपायाकडे जातो. या पद्धतीला कायद्याचा आधार नाही, हे इंग्लंडमधल्या न्यायालयांनी 1763 ते 1765 या काळात ठरवले.

त्या निकालांमागे दोन निरनिराळ्या चुका होत्या. एप्रिल 1763 मध्ये ‘नॉर्थ ब्रिटन’ या साप्ताहिकाच्या 45व्या अंकात राजाच्या भाषणावर टीका छापून आली. मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी लेखक, मुद्रक आणि प्रकाशक यांना पकडण्याचा हुकूम काढला, पण त्यात एकाचेही नाव नव्हते. संशयावरून सुमारे पन्नास जण धरले गेले. त्यांतला हकल हा छापखान्यातला कामगार सहा तास कोठडीत होता. त्याला मारहाण झाली नव्हती, उलट मांस आणि बिअर देऊन बडदास्त ठेवली होती. तरीही ज्यूरीने त्याला 300 पौंड भरपाई दिली. त्याची आठवड्याची मजुरी जेमतेम एक गिनी, म्हणजे पौंडाहून थोडीशीच जास्त होती, म्हणून रक्कम फार झाली अशी तक्रार सरकारपक्षाने केली. न्यायालयाने ती फेटाळली. प्रश्न सहा तासांच्या गैरसोयीचा नसून बिननावाच्या कागदावर कोणाच्याही घरात शिरण्याचा आहे, असे न्यायमूर्तींचे म्हणणे होते.

दुसरी चूक अधिक फसवी होती. जॉन एन्टिक या लेखकाविरुद्धच्या वॉरंटमध्ये त्याचे नाव स्पष्ट होते. मोघमपणा जप्तीत होता, कारण हुकूम त्याची सगळी पुस्तके आणि कागदपत्रे आणण्याचा होता. 11 नोव्हेंबर 1762 रोजी नेथन कॅरिंग्टन आणि आणखी तिघे राजाचे दूत त्याच्या घरात घुसले, चार तास कपाटे आणि पेट्या फोडत राहिले आणि कागद घेऊन गेले. सोबत कॉन्स्टेबल न्यावा असे खुद्द वॉरंटमध्येच लिहिले होते, तोही त्यांनी नेला नाही. एन्टिकने अतिक्रमणाचा दावा लावला.

न्यायमूर्ती लॉर्ड कॅम्डेन यांनी 1765 मध्ये दिलेल्या निकालातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे चोरीच्या मालाच्या वॉरंटशी केलेली तुलना. ते वॉरंट कायद्याला मान्य होते, पण त्याला पायऱ्या होत्या. चोरी झाल्याची आणि माल अमुक ठिकाणी असल्याची शपथ मालकाने घ्यायची. झडतीच्या वेळी हजर राहून आपली वस्तू ओळखून दाखवायची. ती वर्णनाशी जुळते का, हे अधिकाऱ्याने पाहायचे. माल सापडला नाही तर अतिक्रमणाचा दोष मालकावर, आणि त्याच्याविरुद्ध साक्षीला तो अधिकारीच तयार! एन्टिकच्या कागदांसाठी यातले काहीच नव्हते. जप्त मालाची यादी करणे किंवा साक्षीदार ठेवणेही सक्तीचे नव्हते. एखाद्या दूताने बँकेची नोट खिशात घातली तर ती कोणी नेली आणि काय नेले हे सिद्ध करणार कोण, असे कॅम्डेन यांनी विचारले. जप्तीच्या यादीचे काम इतके साधे आणि इतके मोठे आहे.

सरकारचा बचाव दोन मुद्द्यांवर होता: ही प्रथा अनेक वर्षे चालत आली आहे आणि राज्याच्या सुरक्षेला तिची गरज आहे. लोक घाबरून गप्प राहिले म्हणून प्रथेचा कायदा होत नाही आणि राज्याची गरज हा कायद्याने मानलेला आधार नाही, असे उत्तर मिळाले. एन्टिकला 300 पौंड मिळाले. पुढच्याच वर्षी कॉमन्स सभागृहानेही सरसकट वॉरंटांविरुद्ध ठराव केला. अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथ्या दुरुस्तीने (1791) शपथेवरचे सबळ कारण आणि जागेचे, व्यक्तीचे व वस्तूंचे नेमके वर्णन या अटी लेखी केल्या.

या उपायाला मर्यादा होती. भरपाई मिळते ती झडती होऊन गेल्यावर, आणि तीही दावा लावण्याची ऐपत असलेल्याला. म्हणून काही देशांत बेकायदा झडतीत मिळालेला पुरावाच वगळतात, तर काही ठिकाणी तो वापरू देऊन अधिकाऱ्यावर वेगळी कारवाई करतात. यांतला कोणता मार्ग पोलिसांना अधिक आवरतो, यावर आजही एकमत नाही.

जुना दोष आता वेगळ्या रूपात येतो. वस्तूंची नेमकी यादी दिल्यावर शेवटी ‘आणि इतर आक्षेपार्ह साहित्य’ असे शब्द जोडले, तर वरची सगळी यादी निरर्थक होते. अनेक अर्जांत तीच कारणे शब्दशः छापलेली दिसली तर सही करणाऱ्याने प्रकरण वाचले होते का, अशी शंका घ्यायला जागा असते. मोबाईलच्या जप्तीत तर वस्तूचे वर्णन अचूक असूनही वॉरंट सरसकट ठरू शकते, कारण त्या एका वस्तूत माणसाची वर्षानुवर्षांची पत्रे, हिशेब आणि छायाचित्रे असतात. अटकेबरोबर मोबाईल हाती आला तरी त्यातली माहिती पाहायला सर्वसाधारणपणे वेगळे वॉरंट हवे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवले. मात्र वॉरंट मिळाल्यावर कोणत्या तारखांचे आणि कोणाशी झालेले संदेश पाहायचे, ही मर्यादा त्यातच लिहावी लागते, नाहीतर एन्टिकच्या पेट्यांसारखा सगळा मोबाईल उघडा पडतो.